सबस्टेशनजवळ

माझी वहिनी मोटारी भरते. चारचाकी नव्हे, पाण्याच्या पंपाची, गिरणीची, लेथची मोटार जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढायची, खाचा साफ करायच्या, नवी तार वेटोळी करून एकेका खाचेत बसवायची, टोकं जोडायची, वर वॉर्निश पाजून भट्टीत भाजायची. याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. हे काम दादाचं, म्हणजे माझ्या भावाचं, असं सगळ्या गल्लीला वाटायचं. दुकानावर पाटी त्याच्या नावाची होती, गिऱ्हाइकाशी तोच बोलायचा, आणि लोक त्यालाच ‘मोटारवाले’ म्हणायचे.

खरी गोष्ट अशी, की लग्नानंतर दोन वर्षांत दादाच्या बोटांचे सांधे धरले. सकाळी शर्टाचं बटण लागेना, तिथे तार काय ओढणार! औषधं झाली, शेक झाले. तेवढ्यात वहिनीने त्याच्या शेजारी बसून एक पंख्याची मोटार भरली. मग दुसरी. सहा महिन्यांत दुकानाच्या मागच्या खोलीतलं सगळं काम तिच्याकडे गेलं आणि दादा पुढे बसून जळक्या मोटारी घ्यायचा आणि भरलेल्या द्यायचा. चौदा वर्षं हे असं चाललं. कुणी लपवलं नाही, पण कुणी सांगितलंही नाही. भरलेली मोटार परत येत नाही म्हणून दुकानाचं नाव होतं, आणि वहिनीला तेवढं पुरेसं वाटत होतं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

मग दुकान होतं ती इमारतच पाडायला निघाली. दुकान गेलं. दुसरी जागा बघितली ती परवडेना. दादा एका इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर बसायला लागला आणि वहिनी घरी राहिली. ती घरी राहिली म्हणजे काय झालं, तर आमच्या आणि शेजारच्या घरांतलं एकही मिक्सर बिघडलेला उरला नाही.

एके दिवशी दादाने पेपरातली जाहिरात कात्रीने कापून आणली. मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीला अनुभवी वाइंडर, म्हणजे मोटार भरणारे, पाहिजे होते. वहिनी म्हणाली, “अनुभवाचा दाखला मागतील. मी काय दाखवू? हात?”

दादाने माळ्यावरून दुकानाचा जुना लेटरहेड काढला आणि आखडलेल्या बोटांनी, ओळी वरखाली जात, अर्धं पान लिहिलं. ‘या दुकानात गेली चौदा वर्षे मोटार भरण्याचे सर्व काम माझ्या पत्नीने केले आहे. मी फक्त गिऱ्हाईक सांभाळले.’ खाली सही. वहिनीने ते वाचलं, घडी घातली, आणि भाजी जळते म्हणून आत गेली. त्या दिवशी भाजी नव्हती, पिठलं होतं.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं. मंगळवार, सकाळी साडेदहा. पत्ता: प्लॉट नंबर १४२, औद्योगिक क्षेत्र, सबस्टेशनजवळ.

आता इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. मी पोस्टात आहे. सोळा वर्षं टपाल वेगळं करते. दादाने पत्र माझ्यापुढे धरलं, “बघ गं, बरोबर आहे ना पत्ता?” मी एक नजर टाकली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “पिन कोड आहे, प्लॉट नंबर आहे, खूण आहे. आणखी काय पाहिजे? आम्हाला याहून वाईट पत्ते येतात आणि पत्रं पोचतात.”

पत्रं पोचतात, कारण ती पोस्टमन पोचवतो. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

फोनवरच्या नकाशात आम्ही कंपनीचं नाव घातलं तर काहीच निघेना. प्लॉट नंबर घातला तर एक लाल टिंब उमटलं. अंतर सव्वीस किलोमीटर. थेट बस नाही. एक बस शेवटच्या नाक्यापर्यंत, तिथून पुढे शेअर रिक्षा. वहिनीने कागदावर वेळा मांडल्या. पावणेआठला घर सोडायचं, सव्वाआठची बस, साडेनऊला नाका, दहाला कंपनी. अर्धा तास हातचा.

बस वेळेवर होती. वहिनी नाक्यावर उतरली तेव्हा नऊ वीस झाले होते. पण तिथल्या रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि पहिल्या पाळीची माणसं सातलाच आत गेलेली असतात. नऊनंतर कोण येणार? ती रिक्षात एकटी बसून राहिली. रिक्षावाल्याने दोनदा तंबाखू मळली. शेवटी तिनेच म्हटलं, “भाऊ, माझी मुलाखत आहे. चला.” तो म्हणाला, “मुलाखत म्हणजे पहिल्यांदाच येताय. मग पत्ता सापडेपर्यंत मला फिरवू नका हां, मी मेन गेटपर्यंतच सोडतो.” आणि सोडलं.

मेन गेट म्हणजे नुसती कमान. आत तिन्ही बाजूंना रुंद रस्ते, दोन्हीकडे उंच भिंती, भिंतींवर तारा. शहरात माणूस चुकला तर दुकान असतं, बाकावर कुणीतरी बसलेलं असतं, गॅलरीतून बघणारी बाई असते. इथे भिंतींना तोंड नव्हतं. माणूस म्हणून दिसायचा तो ट्रकच्या केबिनमध्ये, आणि तोही धुरळा उडवत निघून जायचा. प्लॉट १३८ सापडला, १३९ सापडला, मग एकदम २०७. १४० रस्त्याच्या पलीकडे निघाला आणि १४१ कुठेच नव्हता. सव्वादहाला ती लाल टिंबाशी पोचली. फाटकावर ठळक अक्षरात १४२ होतं. आत पुठ्ठ्याची खोकी बनत होती.

वॉचमनने पत्र हातात घेतलंही नाही. लांबूनच म्हणाला, “मोटारीच्या कंपनीची मुलाखत ना? आठवड्यात तुम्ही चौथ्या.”

“म्हणजे?”

“हा जुन्या भागातला एकशे बेचाळीस. तुमचा विस्तारित भागातला. तिकडे नंबर पुन्हा एकपासून चालू केलेत.”

“आणि तो भाग कुठे?”

त्याने ज्या दिशेला हात केला तिकडे नुसतं ऊन होतं. “सहा किलोमीटर. रिक्षा जात नाही. कंपन्यांच्या बसेस जातात, पण त्या पाळीच्या वेळेला.”

वहिनीने पुढे मला सांगितलं, की त्या क्षणी तिला रडू नाही आलं, राग आला. आणि राग आला की ती चालायला लागते. ती चालायला लागली.

साडेदहा वाजून गेल्यावर तिने पत्रावरच्या नंबरला फोन लावला. तो लागला, वाजला, कुणी उचलला नाही. तीन वेळा. मग तिने मला पोस्टात फोन केला. आवाज शांत होता, पण दम लागलेला. “तू म्हणाली होतीस ना, पत्ता बरोबर आहे? पत्ता बरोबरच आहे गं. दोन ठिकाणी बरोबर आहे.”

हातातला गठ्ठा मी टेबलावर टाकला. मी म्हटलं, “वहिनी, चालत राहा, पाच मिनिटांत सांगते.” आणि ज्याच्या वाट्याला ते औद्योगिक क्षेत्र आहे त्या पोस्टमनला फोन केला. वयस्कर माणूस, निवृत्तीला आलेला. मोटरसायकलवरून त्याने हा सगळा भाग पंचवीस वर्षं पालथा घातला आहे. मी पत्ता वाचून दाखवला आणि तो हसला.

“सबस्टेशनजवळ? बाई, तिथे तीन सबस्टेशनं आहेत. तुमचं तिसरं, सगळ्यात नवं. आणि नंबरच्या मागे लागू नका म्हणावं. ते प्लॉट ज्या क्रमाने वाटले त्या क्रमाने नंबर पडलेत, रस्त्यावर ओळीने नाहीत. शेजारी शेजारी चौदा आणि एकशे नव्वद आहेत तिथे.”

“मग ओळखायचं कसं?”

“तीच तर पंचाईत. कंपनी मागच्या वर्षी दुसऱ्याने घेतली. कागदांवर जुनं नाव आहे, पाटी उतरवलीय, नवी लावायचीय. आणि फाटक मोठ्या रस्त्यावर नाही, मागच्या बाजूला आहे. तिसऱ्या सबस्टेशनला पोचा आणि मागच्या रस्त्याने जा. मी तर टपाल त्यांच्या वॉचमनकडे बघून देतो. मिशा आहेत त्याला.”

हा सगळा निरोप मी वहिनीला सांगितला. मिशांसकट. ती म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. मी परत गठ्ठ्याशी बसले, पण त्या दिवशी माझ्या हातून दोन पत्रं चुकीच्या खणात पडली. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

इकडे वहिनी रस्त्याच्या कडेने चालत होती. मागून एक छोटा टेम्पो आला. मागे वाफाळत्या भाताची पिंपं, पुढे स्टिअरिंगवर एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेली. तिचा धंदाच कारखान्यांच्या कँटीनला जेवण पोचवण्याचा होता. टेम्पो पुढे गेला, थांबला, आणि मागे आला.

“कुठं चाललात उन्हाचं?”

“विस्तारित भागात. तिसरं सबस्टेशन.”

“चालत?” बाईने दार ढकललं. “बसा. पायापाशी आमटी आहे, लाथ मारू नका.”

वहिनी बसली. जेवणवाली बाई गाडी चालवता चालवता डावीउजवीकडे हात करून सांगत होती, हा कारखाना टायरचा, हा औषधांचा, इथे दोनशे जेवणं जातात, इथला साहेब पोळ्या मोजून घेतो. तिला एकाही कंपनीचं नाव येत नव्हतं. तिच्याकडे कंपन्या होत्या त्या जेवणांच्या आकड्यांवरून. “मोटारीवाले ना? ते माझ्याकडून घेत नाहीत, त्यांचं स्वतःचं कँटीन आहे. म्हणून फाटक माहीत नाही बघा.”

तिसऱ्या सबस्टेशनच्या कुंपणापाशी तिने गाडी थांबवली. “पुढे आले असते, पण बाराला दोनशे माणसं ताट घेऊन उभी राहतील. आणि एक सांगू? उशीर झाला म्हणून गेटवरूनच माघारी फिरू नका. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा आमटी गार झाली होती, तरी देऊन गेले.”

सव्वाअकरा वाजले होते.

मागचा रस्ता म्हणजे कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, अर्ध्यांना पाटी नाही, ज्यांना आहे त्यांची नावं वेगळीच. फाटकं बंद. वॉचमन असला तर मिशा नाहीत. वहिनी एका टोकापर्यंत जाऊन परत आली. एका फाटकावर विचारलं तर आतून आवाज आला, “माहीत नाही.” दुसऱ्यावर कुत्रा होता. ती मध्येच उभी राहिली, घाम पुसला, आणि तेवढ्यात वारा फिरला.

वाऱ्यावर वास आला. गोडसर, घसा धरणारा, थोडा जळका. ज्याने तो कधी घेतला नाही त्याला रंगाचा वाटेल. वहिनीने चौदा वर्षं तो घेतला होता. तो तिच्या पदराला, केसांना लागलेला असायचा आणि माझी आई हयात असताना त्यावरून रोज कटकट करायची. भरलेल्या मोटारींचं वॉर्निश भट्टीत भाजत होतं. एखाददुसरी मोटार नव्हे. शेकड्याने भाजल्याशिवाय असा वास रस्त्यावर येत नाही.

ती वाऱ्याच्या दिशेने निघाली. वास कमी झाला की थांबायची, दोन पावलं मागे यायची. दोन शेडच्या मधून एक गल्लीवजा वाट होती, ती मघाशी तिला दिसलीही नव्हती. त्या वाटेने बाहेर पडली तर समोर निळं फाटक. वर पाटी लावायच्या चार खिळ्यांच्या जागा रिकाम्या. आणि फाटकाशी खुर्चीवर एक वॉचमन, चांगल्या पिळदार मिशांचा.

“मुलाखत,” वहिनी म्हणाली. एवढाच श्वास उरला होता.

वॉचमनने रजिस्टर उघडलं. “साडेदहाची होती. आता पावणेबारा. साहेबांनी सांगितलंय, उशिरा आलेल्यांना सोडू नका.”

“आज किती जण आले?”

“बोलावले होते सात. आला एक.”

“मग साहेबांना फोन करा आणि सांगा, दुसरी आली आहे. आत घेणार की नाही ते त्यांच्या तोंडून ऐकते आणि जाते.”

वॉचमनने तिच्याकडे बघितलं. चपलांवर धुळीचा थर, कपाळावर घाम, हातात नीट घडी घातलेलं पत्र. त्याने फोन केला.

आत एका छोट्या खोलीत दोघे होते. एक भरतीचे साहेब, तरुण, इस्त्रीचा शर्ट. दुसरा वाइंडिंग विभागाचा फोरमन, पन्नाशीचा, ज्याच्या बोटांच्या टोकांना तांब्याने पडतात तसे घट्टे होते. वहिनी सांगते, तिने आधी चेहरे बघितलेच नाहीत, बोटं बघितली, आणि तिला बरं वाटलं.

साहेब म्हणाले, “सव्वा तास उशीर. बाई, पहिल्याच दिवशी हे असं, तर रोज काय होणार? इथे लोकांना कामाची गरजच नाही असं दिसतं. सात बोलावतो, एक येतो.”

आता माझी वहिनी तशी कमी बोलणारी. पण राग अजून उतरलेला नव्हता. ती म्हणाली, “साहेब, येतात. सापडत नाही. खोकीवाल्यांच्या फाटकावर या आठवड्यात माझ्याआधी तीन जण जाऊन परत गेलेत, तिथला वॉचमन सांगेल. तुमच्या पत्रात विस्तारित भाग लिहिलेला नाही. सबस्टेशन लिहिलंय, ती तीन आहेत. नाव लिहिलंय, त्याची पाटी नाही. फोन दिलाय, तो मी तीनदा केला.”

साहेबांनी मेजावरचा फोन बघितला. पत्रातल्या नंबरचा फोन मात्र सकाळपासून बाजूच्या रिकाम्या खोलीत वाजत होता, हे नंतर कळलं.

फोरमन मात्र खुर्चीत पुढे सरकला. “मग तुम्ही कशा आलात?”

“वॉर्निशच्या वासाने.”

फोरमन हसला नाही. त्याने मान हलवली, जशी आपल्यातल्या माणसाला हलवतात. दादाचं पत्र त्याने दोनदा वाचलं, आणि म्हणाला, “चला खाली.”

खाली विभागात लांब ओळीने बाकं होती आणि त्यांवर उघड्या मोटारींची पोटं. फोरमनने एक बाजूला काढून ठेवलेली मोटार तिच्यापुढे सरकवली. नवीनच भरलेली, वर सुबक बांधणी. “ही चाचणीला गेली, फिरेना. नुसती घुमते आणि तापते. सकाळपासून दोघांनी बघितली. काय झालंय ते सांगा. घाई नाही.”

वहिनीने आधी हात फिरवला. मग जोडांची टोकं मोजली. मग म्हणाली, “बॅटरी मिळेल? बारा व्होल्टची.” बॅटरी आली. तिने पर्स उघडली आणि आतून एक छोटं होकायंत्र काढलं. दुकानातलं होतं, तपासणीचं. ती ते बरोबर घेऊन गेली होती. भरतीचे साहेब मागे उभे होते, त्यांना राहवलं नाही. “पर्समध्ये होकायंत्र, आणि तरी तुम्ही रस्ता चुकलात?”

“याला उत्तर-दक्षिण कळतं साहेब, प्लॉट नंबर कळत नाही.”

बाकावरचे चार जण हसले. आता फोरमनही हसला.

तिने एकेका फेजला, म्हणजे तारेच्या तीन संचांपैकी एकेकाला, बॅटरी जोडून होकायंत्र मोटारीच्या आत कडेकडेने फिरवलं. या मोटारीत प्रत्येक फेजचे चार गट असतात, आणि एकापाठोपाठ एक गट सुईला उलटवत जातो. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. पहिल्या फेजला तसंच झालं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला सुई एकदा उलटली, मग पुढच्या गटावर उलटलीच नाही. तिथेच, तशीच राहिली. तिने तिथे बोट ठेवलं. “हा तिसरा गट उलटा जोडलाय. बांधणी सोडावी लागेल, पण तार बदलायची गरज नाही.”

फोरमनने कात्री पुढे केली. तिने दोरी सोडली, जोड उघडला, टोकांची अदलाबदल केली, झाळलं, वर नळी चढवली आणि पुन्हा बांधलं. पाऊण तास गेला. मध्ये कुणीतरी तिच्यापाशी पाण्याचा ग्लास ठेवला, तो तिने काम संपेपर्यंत उचलला नाही. मोटारीत फिरता भाग घातला, झाकणं लावली, बटण दाबलं. मोटार फिरली. असा काही आवाज झाला नाही, आणि आवाज न होणं हीच तर चांगल्या मोटारीची खूण.

फोरमन साहेबांकडे वळला. “मला या बाई पाहिजेत.”

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. “पण रोज येणार कशा? आमची बस शहराच्या त्या टोकाहून निघते. तुमच्या बाजूने नाही.”

वहिनी म्हणाली, “ती बस नाक्यावरून जाते का?”

“जाते. थांबत नाही.”

“थांबायला लावा. मी नाक्यापर्यंत येते, पहिली बस साडेपाचची आहे, मी बघून ठेवलीय. तिथून पुढचं तुमच्याकडे.”

साहेब म्हणाले, बघतो. ‘बघतो’ याचा अर्थ आपल्याला माहीत असतो. पण फोरमन तिथेच उभा होता, हलेना. साहेबांनी वाहतूकवाल्याला फोन लावला आणि त्याच बैठकीत नाक्यावरचा थांबा ठरला. सकाळी सहा चाळीस.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी पोस्टातच होते. “लागली,” एवढंच म्हणाली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की रांगेतल्या लोकांना वाटलं मशीन बंद पडलं. परत कशी येतेस, विचारलं, तर म्हणाली, “फोरमननी मालाच्या गाडीत बसवून दिलंय. नाक्यापर्यंत. आता वाट पाठ झालीय.”

दादाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो काउंटरवर एका गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होता. त्याने वायर मोजून पूर्ण केली, कापली, गुंडाळली, आणि मग डोळे पुसले. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, म्हणालं, “काय झालं मोटारवाले?” दादा म्हणाला, “मोटारवाली ती आहे हो. चौदा वर्षं तीच होती. मी नुसता पाटीवर होतो.” आणि मग पुढचा अर्धा तास, जो कोणी दुकानात येईल त्याला तो हेच सांगत राहिला. बल्ब घ्यायला आलेल्या शाळामास्तरांनाही सोडलं नाही.

पहिल्या महिन्यात नाक्यावरच्या थांब्यावर वहिनी एकटी उभी राहायची. बसचा चालक कुरकुरायचा, एका माणसासाठी ब्रेक मारायला लागतो म्हणून. दुसऱ्या महिन्यात आणखी दोन बायका आल्या. कारण मधल्या काळात वहिनीने एक उद्योग केला होता. जेवणाच्या सुट्टीत तिने एका कागदावर वाट लिहून काढली. शेवटचा नाका, कमानीतून आत न जाता डावीकडचा मोठा रस्ता, एक सबस्टेशन सोडा, दुसरं सोडा, तिसऱ्याच्या कुंपणापाशी मागे वळा, दोन शेडमधली वाट, निळं फाटक, पाटीवर नवं नाव असेल, जुनं नाव शोधू नका. खाली, फाटकावरच्या वॉचमनच्या खोलीतला फोन, कारण तो उचलला जातो. हा कागद तिने साहेबांना दिला. साहेबांनी तो टाइप करून प्रत्येक मुलाखतीच्या पत्राला जोडायला सुरुवात केली, आणि मुलाखतीच्या दिवशी अकरापर्यंत नाक्यावरून एक गाडीही ठेवली. मला तो कागद तिने घरी आणून दाखवला. मी पोस्टवाली. मी तो वाचला आणि मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. त्यात पिन कोड सोडला तर माझ्या खात्याचं काही नव्हतं.

मी एकदाच तिच्या कारखान्यात गेले, घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा. दादा नवा शर्ट घालून आला होता. वहिनी निळ्या कोटात, केस बांधलेले, बाकाच्या टोकाशी उभी होती आणि तीन नव्या मुलींना खाचेत तार बसवायला शिकवत होती. एकीची तार सारखी निसटत होती. वहिनी ओरडली नाही. तिने त्या मुलीचा अंगठा धरला आणि जरा वळवला, एवढंच. “बोटाने ढकलू नको. तार स्वतः जाते, तू नुसती वाट दे.”

दादा बराच वेळ बघत उभा होता. मग हळूच माझ्या कानात म्हणाला, “हे मी तिला शिकवलं नव्हतं हां. हे तिचं आहे.”

आता वहिनी तपासणीच्या बाकावर आहे. तिथून पास झाल्याशिवाय मोटार बाहेर जात नाही, आणि प्रत्येक मोटारीबरोबरच्या कार्डावर शेवटची सही तिची असते. नाक्यावरच्या थांब्यावर सकाळी अकरा माणसं उभी असतात. चालक आता कुरकुरत नाही. उलट अकरातलं कुणी दिसलं नाही तर अर्धं मिनिट थांबतो आणि आरशात बघतो.